गिटारवादकाला पत्र: मधला परिच्छेद ठेवू की काढू?

सहावी तार
वय 16. माझ्या सगळ्यात आवडत्या गिटारवादकांना हे पत्र पाठवायचंय. मधला परिच्छेद ठेवू की काढू, एवढंच सांगा.

"तुमचं हे गाणं माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. त्याचे सुरुवातीचे बारा बार, जिथे नुसती गिटार आहे, ते मी दोन वर्षं रोज वाजवतोय. रसायनशास्त्राच्या पेपरला पहिलं पान उलटलं आणि मला वाचताच येईना. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. बोटांना मुंग्या, ओठ बधिर. मी पेन खाली ठेवलं, डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे अंगठ्याने चाचपले आणि तुमचे बारा बार मनात वाजवले. एका बारला श्वास आत, दोन बारला बाहेर. चार श्वासांत इंट्रो संपला. शब्द सुरू व्हायच्या आत मी थांबलो आणि तिसरा प्रश्न घेतला, कारण तो येत होता. तुमच्यामुळे मी वाचलो."

निवृत्त मास्तर
गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही. तीस वर्षं वर्गात काढली. कानात बोंडं घालून अभ्यास करणारी पोरं शेकड्यांनी पाहिली. सगळ्यांचं एकच पालुपद, "सर, गाण्याने एकाग्रता वाढते." मग धडा मिटून विचारा, काय वाचलंस? तोंड बंद. गाण्यातले शब्द आणि पुस्तकातले शब्द डोक्यात एकाच दारातून शिरायला बघतात, दोघांची धक्काबुक्की होते, आणि हरतं नेहमी पुस्तक. पोराने पत्र जरूर पाठवावं, पण "गाण्यामुळे पेपर सुटला" हे छापून बाकीच्या पोरांना बिघडवू नये. पेपर सुटतो तो आधी केलेल्या अभ्यासाने. नंतर ज्याला त्याला श्रेय वाटायला कोण अडवतंय!

ऊनसावली
मास्तर, माझ्या धाकट्याचं हेच. हेडफोन काढ म्हटलं की घर डोक्यावर घेतो. मी शेवटी शब्द नसलेलं संगीत लावून दिलं, मोझार्टचं. त्याने बुद्धी वाढते हे सिद्धच झालंय ना? गुण काही वाढले नाहीत, पण भांडणं कमी झाली. सहावी तार, तुझ्या आईला हे सगळं माहीत आहे का रे? आधी तिला पत्र लिही.

आकडेमोड
सिद्ध वगैरे काही नाही हो. 1993 चा तो प्रयोग कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांवर होता. दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, लगेच कागदाच्या घड्या ओळखण्यासारखी कोडी घातली, आणि जो काही फायदा दिसला तो पंधराएक मिनिटांत विरला. नंतरच्यांनी दाखवलं की मन तरतरीत करणारं काहीही ऐकवलं तरी तेच होतं. त्यावर बाळांसाठी सीडी विकून लोक गब्बर झाले ते वेगळं.

आणि मास्तर, पत्र परत वाचा. पोरगा गाणं ऐकत नव्हताच. परीक्षेच्या खोलीत कानात काय घालणार?

निवृत्त मास्तर
वाचलंय. मनात वाजवलं काय आणि कानात काय, लक्ष गाण्यातच ना?

जुनी रेकॉर्ड
गाणं कोणतं ते ओळखलं! पण पोरा, तू कोणती आवृत्ती म्हणतोयस? मूळ रेकॉर्डवर इंट्रो 72 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 72 मात्रांच्या वेगाने आहे. नंतरच्या सगळ्या लाइव्ह आवृत्त्या 84 च्या आसपास पळतात आणि त्यातला जीवच जातो. तू जर लाइव्हवरून शिकला असशील तर पत्रात ते लिहू नकोस, त्यांना वाईट वाटेल. माणूस स्टेजवर चढला की हात पळतोच. मी स्वतः पंधरा वर्षं वाजवलंय, ड्रमर नसेल तर पहिल्या ओळीतच गाडी सुटते.

वाऱ्यावरची
मी शाळकरी मुलांचं समुपदेशन करते, म्हणून या बीपीएमच्या गप्पांत नाक खुपसते. 72 ला चार मात्रांचा एक बार म्हणजे साधारण सव्वातीन सेकंद. एक बार आत, दोन बार बाहेर, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा. मिनिटाला सहा. आम्ही घाबरलेल्या मुलांना घड्याळ लावून जो वेग शिकवतो तो नेमका हाच, आणि श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब असावं हेही त्यात आलं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून तो भाग लांबवायचा. बारा बार म्हणजे चाळीस सेकंद. याने पेपरातले चाळीस सेकंद दिले आणि बाकीचा पेपर परत मिळवला.

बोटांना मुंग्या आणि ओठ बधिर हेही नीट बघा. भीतीने माणूस भराभर उथळ श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि नेमक्या याच जागा झिणझिणतात. मुलांना वाटतं आता आपण पडणार. अशा वेळी कुणी "खोल श्वास घे" म्हटलं की ती छाती भरभरून हवा ओढतात आणि मुंग्या वाढतात. श्वास मोठा नको, सावकाश हवा. याला ते कुणी सांगितलं नव्हतं, बारांनी करवून घेतलं.

जुनी रेकॉर्ड
म्हणजे 72 च बरोबर. हेच तर मी म्हणतोय.

आकडेमोड
84 ला तोच श्वास साडेआठ सेकंदांचा होतो, मिनिटाला सात. सहा आणि सातात काय आभाळ कोसळणार आहे? तुमच्या लाइव्ह आवृत्तीवरच्या रागाला वैद्यकीय आधार शोधू नका.

जुनी रेकॉर्ड
राग नाही, कान आहेत. तुम्हाला फरक ऐकू येत नाही तो तुमचा प्रश्न. आणि मनातल्या गाण्याचा वेग कुणी मोजला? घाबरलेल्या पोराच्या डोक्यात ते 100 ने पळत असेल.

वाऱ्यावरची
हा मुद्दा मात्र बरोबर आहे. पाठ झालेलं गाणं मनात म्हटलं तर बहुतेक जण मूळ वेगाच्या बरेच जवळ राहतात, पण ते शांत बसलेले असताना. सहावी तार, तू वेग कसा धरलास?

सहावी तार
बुटातल्या बुटात अंगठा आपटत होतो. पहिला बार खरंच पळाला होता, म्हणून परत पहिल्यापासून सुरू केलं. आणि मी मूळ रेकॉर्डवरूनच शिकलोय. तिसऱ्या बारमध्ये करंगळी दुसऱ्या तारेवर न्यावी लागते, ती घाईत जातच नाही. मनातसुद्धा जात नाही. तिथे आपोआप वेग कमी होतो.

मास्तर सर, अभ्यासाच्या वेळी मी गाणी लावत नाही. शब्द असले की मला एक ओळ वाचवत नाही. म्हणून तर इंट्रोवरच थांबलो. एकदा कडवं सुरू झालं की ते दिवसभर डोक्यातून जात नाही.

निवृत्त मास्तर
बरं. हे आधीच लिहिलं असतंस तर माझा एवढा मोठा प्रतिसाद वाचला असता. पण एक विचारतो, तिसरा प्रश्न आला कशाने? अभ्यासाने की नाही?

सहावी तार
अभ्यासानेच, सर. पण पहिली पाच मिनिटं तो येतोय हेच दिसत नव्हतं.

निवृत्त मास्तर
हं. मान्य. अर्धं.

ऊनसावली
म्हणजे माझ्या धाकट्यालाही हा इंट्रो परीक्षेआधी ऐकवू का? उद्याच पेपर आहे.

वाऱ्यावरची
उद्यासाठी नको. याच्या बोटांत तो दोन वर्षं मुरलाय, म्हणून डोकं बंद पडलं तरी हाताला आठवला. आदल्या रात्री ऐकलेलं गाणं त्या क्षणी आठवणारच नाही, आणि "गाणंही आठवत नाही" ही नवी भीती. धाकट्याला जे आधीच तोंडपाठ आहे ते चालेल, पाढासुद्धा. फक्त सावकाश. आणि घरी शांत असताना आठ-दहा वेळा करून बघू दे.

आता माझी शंका, गाण्याच्या भक्तांनी रागावू नये. सहावी तार, हे पत्र तू लिहायला कधी घेतलंस?

सहावी तार
पहिला मसुदा त्या पेपरच्या आदल्या रात्री. झोप येत नव्हती. त्यात सगळं "नापास झालो तर" असंच होतं. ते फाडलं. हे नंतरचं.

वाऱ्यावरची
वाटलंच. मग गाण्याइतकंच श्रेय त्या फाडलेल्या पानाला असू शकतं. 2011 मध्ये सायन्स नियतकालिकात एक प्रयोग आला होता. परीक्षेच्या तोंडावर दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांना जास्त गुण पडले.

आकडेमोड
तो टिकला नाही. नेचर आणि सायन्समधले 21 प्रयोग वेगळ्या गटांनी पुन्हा करून पाहिले, 2018 मध्ये निकाल आला, त्यात हा गळाला.

वाऱ्यावरची
गळाला हे खरं, मी सांगायला हवं होतं. तरी माझ्यासमोर बसणारी मुलं लिहून मोकळी होतात, हे मी रोज बघते.

आकडेमोड
"मी रोज बघते" हे मास्तरांच्या तीस वर्षांसारखंच झालं.

जुनी रेकॉर्ड
पानाला श्रेय, श्वासाला श्रेय, करंगळीला श्रेय, आणि ज्याने गाणं बांधलं तो? तो तिसरा बार तसा अडखळता कुणी ठेवला? त्या माणसाने जाणूनबुजून. पोरा, पत्रात करंगळीचं लिही. अशा माणसाला "तुमच्या गाण्याने आयुष्य बदललं" अशी पत्रं ढिगाने येत असणार. तिसऱ्या बारबद्दल कुणीच लिहीत नसेल.

वाऱ्यावरची
यावर शंभर टक्के सहमत, आश्चर्य आहे. परिच्छेद ठेव. काढायची तर शेवटची ओळ काढ, "तुमच्यामुळे मी वाचलो". अनोळखी माणसाला ते वाक्य उचलून धरावं लागतं, पुढच्या परीक्षेला तू नाही वाचलास तर काय, असं त्याच्या मनात येतं. आणि खरं बघता पेन खाली ठेवणं, परत पहिल्यापासून सुरू करणं, हे तू केलंस.

जुनी रेकॉर्ड
ती ओळ काढू नकोस. अहो, सोळा वर्षांच्या पोराने एवढंही म्हणू नये? तुम्ही लोक सगळ्याला मोजून मापून...

ऊनसावली
मला तर ती ओळ वाचूनच डोळ्यांत पाणी आलं. राहू दे.

निवृत्त मास्तर
व्याकरणदृष्ट्या ठीक आहे.

सहावी तार
ती ओळ आत्ता काढली, मग परत घातली, आता पेन्सिलीने लिहिलीय. करंगळीचं घातलं. "बहुतेक तुम्ही तो बार मुद्दाम तसा ठेवला असेल" असंही लिहिलं. सोमवारी टाकतो.

जुनी रेकॉर्ड
आणि 84 चं? एक ओळ तरी टाक. कुणीतरी त्यांना सांगायलाच हवं.