आबांचं इसबगोल आणि पाणी

वर्षा: नमस्कार. आबांचं पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल चालू केलंय. काल रात्री त्यांनी चमचाभर भुसा कोरडाच तोंडात टाकला, वर दोन घोट पाणी घेतलं आणि घशात अडकलं. लई खोकले. नंतर उतरलं, पण आम्ही घाबरलो ओ. पाणी किती द्यायचं असतं?

संजय: दह्यात कालवून द्या की वहिनी, लगेच उतरतंय.

मंगलकाकू: वर्षा, आत्ता आबा कसे आहेत? गिळताना दुखतंय का? छातीत काही अडकल्यासारखं?

वर्षा: नाही काकू. सकाळी चहा-पोहे नीट खाल्ले.

मंगलकाकू: बरं झालं. कोरडा भुसा पुन्हा कुणीच घेऊ नका. पाणी लागलं की तो कितीतरी पट फुगतो आणि चिकट होतो. दोन घोटांत तो पोटापर्यंत जातच नाही, अन्ननलिकेतच फुगून बसतो. एका चहाच्या चमच्याला निदान 250 मिली, म्हणजे मोठा पेला भरून पाणी हवं. ढवळून लगेच प्यायचं. ठेवलं तर खळीसारखं घट्ट होतं, मग ते पिऊ नये. वर आणखी पेलाभर पाणी प्यायचं. संजय, दह्यात एवढं पाणी नसतं रे. बद्धकोष्ठाला ते चालत नाही.

वर्षा: रात्री उठावं लागतं म्हणून आबा पाणीच नको म्हणतात.

मंगलकाकू: मग रात्री कशाला? गुण यायला 12 तासांपासून 3 दिवसही लागतात. संध्याकाळी सहाला ताठ बसून घेतलं तरी चालतं. घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. बाकीच्या गोळ्यांत आणि यात दोन तासांचं अंतर ठेवायचं.
पण आबांना मागं पॅरालिसिसचा झटका आला होता ना? साधं पाणी पिताना ठसका लागतो का?

वर्षा: हो काकू, अधूनमधून लागतो.

मंगलकाकू: मग वर लिहिलेलं आबांसाठी नाही. इसबगोल आजच बंद कर. गिळण्यात अडचण असेल त्याला ते पाणी वाढवूनही देऊ नये. डॉक्टर दुसरं औषध देतील. त्यांना ठसक्याचंही आवर्जून सांग, तो वेगळा तपासावा लागतो.

संजय: काकू, आईला हार्टमुळं पाणी मोजून प्यायला सांगितलंय. ती पण इसबगोल घेते.

मंगलकाकू: दोन पेले तिच्या मापात बसतात का, हे तिच्या डॉक्टरांना विचार. तोवर थांबव. कमी पाण्यात भुसा आतड्यातही अडकू शकतो. पोट फुगलं, कळा आल्या, उलट्या झाल्या, गॅसही सरेना, तर घरी थांबायचं नाही.
आणि सगळ्यांसाठी: भुसा घेतल्यावर छातीत दुखायला लागलं, थुंकीही गिळता येईना, तर वरून पाणी पाजत बसू नका, लगेच सीपीआर हॉस्पिटलला न्या. श्वास कोंडला, बोलता येईना, तर पाठीत थापट्या मारायला लागा आणि दुसऱ्यानं 108 लावा.

वर्षा: डबा काढून ठेवला काकू. संध्याकाळी आबांना घेऊन डॉक्टरांकडे जाते.