पारायण तुमचं, पथ्य घरादाराचं?

दत्तसेवक_राजारामपुरी: "दीड वर्षापूर्वी महाराजांचा अनुग्रह घेतला. दर महिन्याला गुरुचरित्राचा सप्ताह, पौर्णिमेला नरसोबाची वाडी. घरात कांदा, लसूण, मटण कायमचं बंद. पगार 55 हजार, घराचा हप्ता 16, महाराजांच्या सेवेला 15. दारू-जुगारापेक्षा बरंच की! तरी बायको दर महिन्याला तेच भांडण काढते. घरात एकानं पारायण केलं की सगळ्यांनी नियम पाळायलाच हवेत, हे या बायकांना कोण सांगणार?"

कृष्णाकाठ: गप्प बसणार होतो, पण "सगळ्यांनी पाळायलाच हवेत" वाचलं आणि राहवेना. वाडीच्या परंपरेत सप्ताहाचे नियम वाचणाऱ्याला आहेत. एकभुक्त राहायचं त्यानं, चटईवर झोपायचं त्यानं, ब्रह्मचर्य त्याचं, हविष्यान्नही त्याचंच. म्हणजे दूधभात, नाहीतर पोळी-तूप-साखर. एका पातेल्यात दहा मिनिटांत होतं आणि ते स्वतः रांधलेलं जास्त चांगलं. घरच्यांच्या आमटीतल्या लसणानं तुमचा संकल्प मोडत नाही.

आणि हे पथ्य सात दिवसांचं. आठव्या दिवशी उद्यापन झालं की सुटलं. ते कायमचं केलंत तुम्ही, वर पोथीचं नाव पुढे करताय.

वेळेचंही तसंच. पहिल्या दिवशी 9 अध्याय, मग 21, 29, 35, 38, 43 पर्यंत आणि सातव्या दिवशी समाप्ती. पाचव्या दिवशी तीनच अध्याय दिसतात म्हणून लोक उशिरा बसतात आणि फसतात, कारण 36वा आचारधर्माचा अध्याय लांबलचक आहे. सहाव्या दिवशी 41वा तसाच. त्या दिवशी ऑफिसची घाई झाली की चिडचिड सुरू, आणि मग "पोरांना गप्प कर" म्हणून बायकोवर ओरडा. पहाटे पाचला बसा, आठच्या आत उठाल. सहाला उठून सातला बसलात, तर पोरांची शाळा आणि तुमचं आसन एकमेकांना भिडणारच.

अखंड दिव्याचं तर बोलायलाच नको. वात जाड घेतात, तेल भराभर संपतं, पहाटे दिवा विझलेला सापडतो आणि दोष घरातल्या बाईवर. वात बारीक घ्या, रात्री झोपताना समई काठोकाठ भरा, वाऱ्याला काचेचा आडोसा ठेवा. आणि तेल घालायला वाचणाऱ्यानं उठायचं. ज्याचा संकल्प, त्याची राखण.

तांबडा_रस्सा: कोल्हापुरात राहून मटण कायमचं बंद? भावा, बायको अजून घरात आहे हीच दत्तकृपा म्हण.

पुरोगामी_भवानीमंडप: हसण्यावारी नेऊ नका. पंधरा हजार उकळणाऱ्या बुवावर सरळ जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार करा. 2013 पासून कायदा आहे, वापरत कुणी नाही.

हिशेबनीस: तो कायदा इथे लागत नाही. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन-प्रवचन त्यातून स्पष्ट वगळलेत. चमत्काराच्या नावाखाली फसवणूक, भूत उतरवायला मारहाण, असलं काही असेल तर वेगळं. राजीखुशीनं दिलेली देणगी हा गुन्हा नाही.

मुद्दा पैशाचा आहे, तर तोच बघू. 55 मधून 16 आणि 15 गेले, उरले 24. त्यात किराणा, फी, लाईट बिल, गॅस, पेट्रोल, दवाखाना. वर्षाला सेवेचे एक लाख ऐंशी हजार, म्हणजे हप्त्याच्या जवळपास बरोबरीनं. "अरे पण करात सूट मिळते" असं कुणी सांगितलं असेल, तर ऐका. तुमचं वर्षाचं उत्पन्न 6 लाख 60 हजार. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत करच शून्य आणि 80जीची देणगीवरची सूट त्यात चालतच नाही. जुनी प्रणाली घेतलीत तरी दोन हजारांवरची रोख देणगी त्यात बसत नाही. शिवाय संस्थेला 80जीची मान्यता लागते, ती निव्वळ धार्मिक संस्थेला सहसा नसते. तेव्हा सूट विसरा. हा खर्च आहे, खर्चासारखाच मांडा.

आता एक विचारतो. पावती कुणाच्या नावाची मिळते? नोंदणीकृत न्यास असेल तर त्यावर नोंदणी क्रमांक असतो, आणि त्यांचे हिशेब धर्मादाय कार्यालयात अर्ज करून बघता येतात. पाकिटात घालून पायाशी ठेवत असाल, तर ते एका माणसाला दिलेले पैसे आहेत, संस्थेला नव्हेत.

दत्तसेवक_राजारामपुरी: गुरूकडे पावती मागायची? कलियुग आहे बाबा!

हिशेबनीस: वाडीच्या देवस्थानात अभिषेकाची पावती घेताच की. तिथे कलियुग नसतं का?

शाहूपुरीची_वहिनी: मला वेगळंच विचारायचंय. आमच्याकडे सासूबाई म्हणतात बायकांनी गुरुचरित्र वाचायचं नाही, नुसतं ऐकायचं. मग यांच्या बायकोनं पथ्य सगळं पाळायचं आणि पोथीला हातही लावायचा नाही?

सोवळं_ओवळं: बरोबरच आहे सासूबाईंचं. 35व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय, स्त्रियांना मंत्र देऊ नये. कचदेवयानीची कथा त्यासाठीच आहे. टेंबेस्वामींच्या परंपरेतही हेच.

शाहूपुरीची_वहिनी: शाहू महाराजांच्या गावात, वेदोक्ताला सव्वाशे वर्षं होऊन गेल्यावर, हे ऐकायचं?

सोवळं_ओवळं: वेदोक्ताचा इथे काय संबंध? प्रत्येक गोष्टीत शाहू महाराज आणायची कोल्हापूरला सवयच लागलीय.

पुरोगामी_भवानीमंडप: आणणारच! त्यांनी पुरोहितांना विचारत बसून वाट बघितली असती तर तुम्ही अजून...

कृष्णाकाठ: थांबा दोघं. 35व्या अध्यायात सावित्री नावाची बाई मंत्राचा उपदेश मागते आणि गुरू तिला सोमवारचं व्रत सांगतात. तिथे विषय मंत्रदीक्षेचा आहे, पोथी वाचण्याचा नाही. वाचनाला मनाई ही पुढची आचारपरंपरा. ती मानणारे आहेत, हे मी नाकारत नाही. पण दत्तजयंतीच्या सप्ताहाला कितीतरी ठिकाणी बायका रांगेनं बसून वाचतात, हेही डोळ्यांसमोर आहे.

सोवळं_ओवळं: वाचतात म्हणून योग्य होत नाही.

कृष्णाकाठ: आणि तुम्ही म्हणता म्हणून अयोग्यही होत नाही. मानायचं त्यांनी मानावं. मात्र मानायचं असेल तर उलट बाजूही माना. अधिकार नाही, तर तिच्यावर पथ्याचा भारही नाही.

शाहूपुरीची_वहिनी: हे सासूबाईंना वाचून दाखवते. जेवणं झाल्यावर.

दत्तसेवक_राजारामपुरी: सगळे माझ्यावरच तुटून पडलात. बरं, पथ्य वाचणाऱ्याचं, हे एक मान्य. पण दर महिन्याचा सप्ताह महाराजांनी सांगितलाय, तो मोडू कसा?

कृष्णाकाठ: संकल्प किती सप्ताहांचा सोडलाय, आधी ते सांगा. संख्या असेल तर ती पुरी करून थांबा. संख्याच नसेल तर पुढचा सप्ताह हा नवा संकल्प, तो करणं तुमच्या हातात. रोज वाचायचंच असेल तर टेंबेस्वामींचं सप्तशती गुरुचरित्रसार आहे, पोथीच्या मानानं फारच आटोपशीर. मोठा सप्ताह दत्तजयंतीला ठेवा.

दत्तसेवक_राजारामपुरी: संख्या सांगितली नव्हती. "सेवा सुरू ठेव" एवढंच म्हणाले.

हिशेबनीस: आणि पंधरा हजारांचा आकडा? तो सांगितला होता?

दत्तसेवक_राजारामपुरी: तो त्यांच्या सेवेकऱ्यांनी सांगितला.

हिशेबनीस: मग पुढच्या पौर्णिमेला सेवेकऱ्यांना नाही, महाराजांनाच विचारा. बायकोला बरोबर घेऊन जा.

तांबडा_रस्सा: गुरुवार आणि पौर्णिमा दत्ताला सोडली. बुधवार, रविवारचं काय ठरलं?

दत्तसेवक_राजारामपुरी: घरात नाही. बाहेर खाऊ देत, मी काही बोलणार नाही.

शाहूपुरीची_वहिनी: 24 हजारांत बाहेरचं मटण? रविवारी आधी किलोचा भाव विचारून या, मग बोला.