मदत हवी आहे: वरच्या साहेबांना मेल, पण कुणावर बोट न ठेवता

नमस्कार मंडळी. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमधून मॅनेजरच्या मॅनेजरना मेल जायचा आहे. पंप हाऊसिंगची फायनल ड्रॉइंगं ठरल्या तारखेला येत नाहीत. मॅनेजरना दोनदा लेखी कळवून झालंय आणि हा मेल जाणार हेही त्यांना आधीच सांगितलंय.

मसुद्यात चार लॉटचा तक्ता आहे. जुलैत ठरलेल्या तारखा ३, १०, १७, २४ आणि ड्रॉइंग आलं ६, १०, २१, २८ ला. म्हणजे ११ दिवस उशीर. १० तारखेचं वेळेवर आलं, ती ओळ मुद्दाम ठेवलीय. ती गाळली तर तक्ता तक्रारीसारखा वाचला जातो.

नावं कुठंच नाहीत. "डिझाइनवाल्यांनी दिलं नाही" ऐवजी "१७ चं ड्रॉइंग २१ ला मिळालं, बोअरच्या टॉलरन्सला ग्राहकाची मंजुरी बाकी होती, व्हीएमसी चार दिवस थांबली" असं लिहिलंय. शेवटी एकच मागणी: मंजुरी कुणी आणि लॉटच्या किती दिवस आधी घ्यायची, हे ठरवून द्यावं.

अडलंय ते इथं. २४ ची तारीख फोनवर २६ झाली होती, लेखी काही नाही. तक्त्यात उशीर चार दिवस धरायचा की दोन? दोन्ही तारखांचे वेगळे रकाने करावेत असं मला वाटतं, पण त्यानं मुद्दा पातळ होईल का? आणि मॅनेजरना सीसीत ठेवायचं की 'टू' मध्येच? असे मेल लिहिलेल्यांनी कृपया सांगा.