'ताळा बसला' आणि 'उत्तर जुळलं' यांत फरक आहे का?

शिरपूरचा क्लासवाला:
मी बारावीचं गणित शिकवतो. काल एका मुलाच्या वहीत sin x cos x चं इंटिग्रेशन sin²x/2 + C असं आलेलं होतं. पुस्तकात मागे उत्तर होतं −cos 2x/4 + C. पोरानं आपलं उत्तर स्वतःच खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'ताळा जुळत नाही'.

मी त्याला खोडलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढायला लावलं. sin²x/2 चं डेरिव्हेटिव्ह sin x cos x. जे दिलं होतं तेच परत आलं, म्हणजे उत्तर बरोबर. त्यानं मुळात ताळा केलाच नव्हता, नुसती मागच्या पानाशी तुलना केली होती. आपल्याकडं ताळा म्हणजे उलट वाटेनं मूळ आकड्यापर्यंत येणं, भागाकाराला भाजकानं गुणून बाकी मिळवली की भाज्य यायलाच हवा तसं. मग 'ताळा बसला' आणि 'उत्तर जुळलं' हे दोन वेगळे शब्दप्रयोग मुलांना मुद्दाम शिकवावेत का? आणि अशा दोन वेगळ्या दिसणाऱ्या बरोबर उत्तरांना मराठीत काय म्हणाल?

यावलकर:
आमच्या घरी 'ताया' म्हणायचे, केळीचं केयी होतं तसं. आजोबा पाढ्यांनंतर विचारायचे, "ताया बसना का रे?" 'जुळला' असं त्यांच्या तोंडी कधी ऐकलं नाही. ते नवाचा ताळा करायचे. 23 × 14 = 322. अंकांची बेरीज 5 आणि 5, गुणाकार 25, त्याचे 7. इकडे 3 + 2 + 2 पण 7. बसला!

पण सर, 322 च्या जागी चुकून 232 लिहिलं तरी 7 च येतात. म्हणजे ताळा बसला तरी उत्तर चुकीचं असू शकतं. तुमच्या डेरिव्हेटिव्हचंही तसंच असेल.

शिरपूरचा क्लासवाला:
नाही, हा ताळा त्या जातीचा नाही. नवाच्या ताळ्यात आकड्याची फक्त एक सावली तपासली जाते. इथं अख्खं पद परत यावं लागतं. कोणी −cos 2x/2 लिहिलं तर डेरिव्हेटिव्ह sin 2x, म्हणजे 2 sin x cos x येतं. बरोब्बर दुप्पट. चूक कुठं झाली तेही त्यातच दिसतं: आतल्या 2x चा 2 भागायचा राहिला.

धुळ्याची बारावी:
सर, मी दोन्ही उत्तरांत x = 0 घालून पाहिलं. sin²x/2 ला 0 येतं आणि −cos 2x/4 ला −1/4. दोन वेगळी उत्तरं आली म्हणजे दोन्ही बरोबर कशी असतील? मला वाटतं एक चुकलंय.

अमळनेरची हिशेबनीस:
मी गणितातली नाही, जिनिंगच्या हिशेबात आयुष्य गेलं. तुम्ही ताळेबंदाबद्दल बोलताय असं वाटून आले होते. पण या मुलीचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे.

एकाच धंद्याचे दोन रोजमेळ समजा. रोजची जमा-खर्चाची नोंद दोन्हीकडं पैशापर्यंत सारखी. फक्त एकात आरंभीची शिल्लक ५०० ने जास्त धरलेली. मग कोणत्याही दिवशी पाहा, अखेरची शिल्लक ५०० नेच वेगळी. व्यवहारात चूक कुठंच नाही. बाळा, तू दोन वह्यांची एका दिवसाची शिल्लक ताडून पाहिलीस. फरक किती आहे ते बघू नकोस, रोज तेवढाच राहतो का ते बघ.

धुळ्याची बारावी:
केलं, काकू. x = π/2 ला पहिलं 1/2, दुसरं 1/4. फरक 1/4. आणि x = 0 लाही 1/4 च! मग C म्हणजे आरंभीची शिल्लक?

शिरपूरचा क्लासवाला:
यापेक्षा चांगला शब्द मला वीस वर्षांत सुचला नाही. cos 2x = 1 − 2sin²x घातलं की −cos 2x/4 चं sin²x/2 − 1/4 होतं. तो 1/4 C मध्ये जिरतो. फक्त दोनच ठिकाणी आकडे घालून थांबू नकोस, योगायोगानं सारखे येतात. खात्री डेरिव्हेटिव्हनंच, नाहीतर वजाबाकी सोडवून x उडाला पाहिजे.

लॉगमध्ये ही शिल्लक आणखी लपते. 1/(2x) ला एक मूल ½ log x लिहितं, दुसरं ½ log 2x. दोन्ही बरोबर, फरक ½ log 2.

पाटणादेवीचा वाटसरू:
चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ काढला, त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. लीलावतीत 'व्यस्तविधी' आहे: उत्तरापासून उलट निघायचं, गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी. तुमच्या ताळ्याला हाच शब्द द्या. इंटिग्रेशन हा डेरिव्हेटिव्हचा व्यस्तविधीच.

शिरपूरचा क्लासवाला:
शब्द आवडला, पण अर्धाच लागू पडतो. बेरीज-वजाबाकीत उलट वाट एकच असते. इथं डेरिव्हेटिव्ह काढताना आरंभीची शिल्लक पुसली जाते, म्हणून परतीच्या वाटेला फाटे फुटतात. ताळ्याची दिशा मात्र सरळ आहे, तिथं एकच उत्तर येतं.

यावलकर:
माझी शंका मी सोडलेली नाही. 1/(1 + x²) घ्या. एक उत्तर tan⁻¹x. दुसरं −tan⁻¹(1/x). दुसऱ्याचा ताळा करा:

−1/(1 + 1/x²) × (−1/x²) = 1/(x² + 1)

बसला. आता −1 ते 1 क्षेत्रफळ काढा. पहिल्यानं π/4 + π/4 = π/2. दुसऱ्यानं −π/4 − π/4 = −π/2. वक्र सगळा वर आणि क्षेत्रफळ ऋण! ताळा बसला, उत्तर चुकलं.

शिरपूरचा क्लासवाला:
ही शंका खरी आहे, मी आधी घाईनं 'नाही' म्हणालो. 1/x मुळे दुसरं उत्तर x = 0 ला अस्तित्वातच नाही. शून्याच्या उजवीकडं दोन उत्तरांतला फरक π/2, डावीकडं −π/2. प्रत्येक बाजूला पक्का, पण दोन्हीकडं एक नाही. ताळा फक्त सलग पट्ट्यावर खात्री देतो, मधल्या भेगेपलीकडं नाही.

अमळनेरची हिशेबनीस:
हे तर वही बदलताना शिल्लक चुकीची ओढल्यासारखं झालं. जुन्या वहीतल्या नोंदी बरोबर, नव्या वहीतल्याही बरोबर. सगळा घोळ 'मागील पानावरून' या एका ओळीत. म्हणून आम्ही नोंदी तपासल्या तरी ती ओळ वेगळी तपासायचो, आणि त्यालाच 'पडताळा' म्हणायचो. नोंदींचा तो ताळा, ओढलेल्या शिलकेचा तो पडताळा.

यावलकर:
ताई, हा फरक तुमच्या पेढीपुरता असेल. आमच्याकडं दोन्ही शब्द एकाच अर्थानं चालतात.

शिरपूरचा क्लासवाला:
मला मात्र तो फरक वर्गात वापरायचा आहे. मूळ पद परत आलं की 'ताळा बसला'. मधे भेग नाही हे बघितलं की 'पडताळलं'. 'जुळलं' फक्त मागच्या पानाशी तुलना करताना. वहीत मी काट्याच्या वर लिहिलं: 'ताळा बसतो. आरंभीची शिल्लक पुस्तकाहून 1/4 ने वेगळी.' त्या दोन उत्तरांना एकत्र काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. 'समान' म्हटलं की पोरं x = 0 घालून भांडायला येतात.

धुळ्याची बारावी:
सर, 'एका नोंदीची' म्हटलं तर?