मदत हवी आहे: विहिरीत पाणी असताना सोलर पंप ‘ड्राय रन’ दाखवून बंद पडतोय

माळावरचा_पन्हाळा
विहिरीत पाणी डोळ्यानं दिसतंय. तरी सकाळी मोटर सुरू झाली की दोन मिनिटांत कंट्रोलर ड्राय रन दाखवून बंद पडतो आणि अर्धा तास गप्प बसतो. साडेदहानंतर मस्त चालतो. चारच्या पुढं परत तोच तमाशा. फ्लोटपण बसवलाय. बसवून गेलेला माणूस फोन उचलत नाही. ऊस वाळायला लागलाय. हे ड्राय रन बंद कसं करायचं तेवढंच सांगा.

उसवाला_हातकणंगले
सेटिंगमध्ये जा, ड्राय रन डिसेबल करा, विषय संपला. आमचं पहिल्यापासून बंदच आहे.

गडहिंग्लजची_ताई
दादा, असलं काही करू नका. आमच्या बोअरची मोटर अशीच गेली. पाणी खाली गेलं, बघायला कोण नव्हतं. वाइंडिंग नंतर जळलं, आधी पंपाचे बुश अन् इंपेलर गरम होऊन चिकटले होते.

पॅनेलबोर्ड_शिरोली
मोटर किती एचपी? सबमर्सिबल का मोनोब्लॉक? पाणी किती फूट उचलताय? बंद पडतो तेव्हा स्क्रीनवर हर्ट्झ आणि अँपिअर किती असतात? एवढं कळल्याशिवाय सगळे अंधारातच दगड मारणार.

माळावरचा_पन्हाळा
पाच एचपी सबमर्सिबल. बाकी काय सांगू, पाच एचपी म्हणजे पाच एचपी.

धूळझटक
मला विचाराल तर पॅनेल धुवा. सकाळचं ऊन कोवळं, त्यात काचेवर धूळ. व्होल्टेज पडतं म्हणून ड्राइव्ह बंद होतो. मी दर पंधरवड्याला धुतो, कधी तक्रार नाही.

पॅनेलबोर्ड_शिरोली
ऊन कमी पडतंय हे बरोबर, पण व्होल्टेज पडलं असतं तर स्क्रीनवर कमी व्होल्टेजचा फॉल्ट आला असता. इथं ड्राय रन येतोय, म्हणजे ड्राइव्ह करंट बघून थांबतोय. माळावरचे, आकडे द्या की.

नदीकाठ_शिरोळ
माझाही प्रश्न इथंच विचारतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या काठावरच्या पेट्या पाण्यात होत्या. सोलर घेतला तर ड्राइव्ह किती उंचीवर लावावा?

उसवाला_हातकणंगले
वेगळा धागा काढा की राव.

माळावरचा_पन्हाळा
घ्या आकडे. विहिरीत पाणी ४५ फूट खाली. तिथून टाकी आणखी ४० फूट वर, माळावर. पंपाच्या पाटीवर कमाल हेड ५८ मीटर लिहिलंय. सकाळी बंद पडताना ३६ हर्ट्झ, ५.४ अँपिअर. दुपारी ४९ हर्ट्झला ८.८. मध्ये ढग आला तेव्हा ४३ ला ७.१ दिसले. ड्राय रनच्या जागी ६.० लिहिलंय, वेळ १० सेकंद. आता सांगा.

पॅनेलबोर्ड_शिरोली
झालं, रोग सापडला. ६ अँपिअर हा आकडा लाइटवर चालणाऱ्या मोटरच्या हिशेबानं टाकलाय. लाइटवर मोटर कायम ५० हर्ट्झला फिरते, तिथं करंट सहाच्या खाली आला म्हणजे पाणी सुटलं, पंपाला पाणी मिळेना, हे धरून चालता येतं. सोलरवर उन्हाप्रमाणं वेग बदलतो. ३६ हर्ट्झला पंपाला जोरच कमी लागतो, म्हणून भरलेल्या विहिरीतही ५.४ दिसतात. आणि दुपारी पूर्ण वेगात खरंच पाणी सुटलं तरी तुमची मोटर पाचच्या आसपास करंट घेणार, कारण सबमर्सिबल रिकामी फिरली तरी निम्म्याच्या आगंमागं करंट ओढते. म्हणजे एकाच आकड्यावरून पाणी आहे का नाही हे ओळखता येत नाही.

आता हेड बघा. वेग कमी झाला की हेड वर्गाच्या प्रमाणात पडतं. तुम्हाला ८५ फूट, म्हणजे साधारण २६ मीटर उचलायचंय. पंप ५० हर्ट्झला ५८ मीटर देतो. २६ भागिले ५८ चं वर्गमूळ ०.६७, गुणिले ५० म्हणजे साडेतेहतीस. त्याच्या खाली मोटर फिरेल, पण टाकीत थेंब पडणार नाही, आतलं पाणी नुसतं घुसळून तापेल. म्हणून किमान फ्रिक्वेन्सी ३५ ठेवा. त्याखाली ड्राइव्हनं झोपावं आणि ऊन वाढलं की उठावं. सबमर्सिबलचं थ्रस्ट बेअरिंगही ३० च्या खाली खूप वेळ चालवू नये.

ड्राय रन ६ अँपिअरच ठेवा, पण ते ४२ हर्ट्झच्या वर गेल्यावरच तपासायला सांगा. बहुतेक सोलर ड्राइव्हमध्ये तशी वेगळी सेटिंग असते. तुमच्याच आकड्यांत ४३ ला ७.१ आहे, म्हणजे तिथं पाणी असताना उगाच बंद पडणार नाही.

किलोवॅट_कागल
करंट कशाला बघताय? पाणी सुटलं की पॉवर फॅक्टर पडतो, करंट निम्मा राहिला तरी किलोवॅट पार खाली येतात. किलोवॅटवर ड्राय रन लावा.

पॅनेलबोर्ड_शिरोली
मान्य, किलोवॅट जास्त स्पष्ट सांगतात. पण तेही वेगाबरोबर पडतात, करंटपेक्षा जोरात. दुपारी चार किलोवॅट असतील तर ३६ हर्ट्झला दीडच्या आसपास राहतील. एकच आकडा टाकला तर तिथंही हाच घोळ. हर्ट्झप्रमाणं मर्यादा बदलणारा कंट्रोलर असेल तर तुमचं खरं.

गडहिंग्लजची_ताई
मग ३५ ते ४२ च्या मध्ये पाणी सुटलं तर मोटरला वाली कोण?

पॅनेलबोर्ड_शिरोली
ताई, नेमका प्रश्न. त्यासाठीच फ्लोट. तो वेग बघत नाही, पाणी बघतो. पंपाच्या जाळीच्या वर तीन फूट पाणी उरलं की त्यानं थांबवायचं. पाणी असताना फ्लोटचा संपर्क जोडलेला राहील असा घ्या, म्हणजे उंदरानं वायर कुरतडली तरी मोटर बंदच पडेल. उलटा जोडला असेल तर वायर तुटलेली कळणारही नाही.

किलोवॅट_कागल
विहिरीत फ्लोट पाइपात अडकतो. स्टीलचे प्रोब सोडा.

उसवाला_हातकणंगले
प्रोबवर शेवाळ आणि क्षार चढतात, ते कोण घासणार? दोन्ही नकोत म्हणून तर आम्ही सगळंच बंद ठेवलंय.

माळावरचा_पन्हाळा
सेटिंग बदललं. ३५ आणि ४२ टाकलं. सकाळी नऊच्या आधीच पाणी टाकीत पडायला लागलं, धार बारीक आहे पण बंद पडत नाही. संध्याकाळी मात्र अजून थांबतो. आता ड्राय रन नाही, लो लेव्हल दाखवतो. मग फ्लोट खराब?

किलोवॅट_कागल
फ्लोटची वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपात असणार. ड्राइव्हचा इलेक्ट्रिकल आवाज त्या वायरवर चढतो. वेगळ्या पाइपातून शील्डेड वायर टाका, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

माळावरचा_पन्हाळा
हो, एकाच पाइपात आहे.

पॅनेलबोर्ड_शिरोली
वायर वेगळी कराच. पण आवाजामुळं असतं तर दुपारीही थांबला असता. दिवसभर उपसून पाणीच खाली जात असेल. आज थांबल्या थांबल्या दोरीला दगड बांधून सोडा आणि पाणी फ्लोटच्या वर आहे का खाली ते मोजा. वर असेल तर वायर किंवा फ्लोट, खाली असेल तर फ्लोट आपलं काम करतोय. ड्राइव्हच्या टर्मिनलला हात लावायचा झाला तर पॅनेलचा डीसी आयसोलेटर पाडून दहा मिनिटं थांबा, आत कपॅसिटर भरलेले असतात.

माळावरचा_पन्हाळा
संध्याकाळी मोजून टाकतो.

नदीकाठ_शिरोळ
माझ्या पेटीच्या उंचीचं कुणी सांगणार आहे का?