१४ ऑगस्टला १०२ टक्के की ९२? रन रेट कोणत्या दिवसांवर काढायचा

घोडबंदरचा_गडी (१४ ऑगस्ट २०२५, रात्री)

ठाण्यात बिस्किट-नमकीनची एजन्सी आहे. ऑगस्टचं सेकंडरी टार्गेट ४८ लाख, आज संध्याकाळपर्यंत बिलिंग २२.२० लाख. कंपनीच्या एमटीडी रिपोर्टात प्रोजेक्शन ४९.१६ लाख येतंय, म्हणजे १०२ टक्के. मी रविवार आणि सुट्ट्या काढून हिशेब केला तर ४४.४० येतात. साहेब म्हणतात, निवांत राहा. राहू का?

हिशेबनीस

निवांत राहू नका. रिपोर्टाने २२.२० ला १४ ने भागून ३१ ने गुणलंय. त्यात गृहीत काय आहे, तर महिन्याचा प्रत्येक दिवस सारखा. यंदाचा ऑगस्ट तसा नाही. १४ तारखेपर्यंत फक्त ३ आणि १० हे दोन रविवार गेले, सुट्टी एकही नाही. म्हणजे १४ पैकी १२ दिवस धंदा झाला. पुढच्या १७ दिवसांत तीन रविवार आहेत (१७, २४ आणि ३१), शिवाय १५ ऑगस्ट आणि २७ ची गणेश चतुर्थी. उरले १२. महिन्याची मलई तुम्ही पहिल्या पंधरवड्यात खाऊन बसलात आणि रिपोर्ट मात्र पुढेही तेवढीच आहे असं धरून चाललाय.

आता टक्केवारी सोडा आणि उरलेलं बघा. २५.८० लाख बाकी, दिवस १२, म्हणजे रोजचे २.१५ लाख लागतात. आजवर रोज १.८५ पडलेत. साहेबांना प्रोजेक्शन दाखवूच नका, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. रोज ३० हजार जास्त कुठून आणायचे, हा प्रश्न लगेच समोर येतो. ४९.१६ च्या आकड्याने तो झाकला गेला होता.

टार्गेट_तात्या

पंचवीस वर्षं लाइनमध्ये काढली, हे दिवस मोजणं म्हणजे पळवाट आहे. टार्गेट देताना कंपनीला कॅलेंडर दिसत नव्हतं का? ४८ म्हणजे ४८, ते २४ दिवसांत करा नाहीतर २० दिवसांत.

आणि तुमचं ४४.४० पण चूकच. महिना कधी सरळ रेषेत चालतो का? गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या एरियात १४ तारखेला ४४ टक्केच झाले होते. योगायोग बघा, गेल्या वर्षीही १४ तारखेला बाराच दिवस भरले होते. मग तेच गणित लावा, २२.२० भागिले ०.४४ म्हणजे ५० लाखांच्या वर. पोरगं उगाच घाबरलंय.

हिशेबनीस

तात्या, महिना सरळ चालत नाही हे शंभर टक्के मान्य. पण तुमच्या ४४ मध्ये एक गोम आहे. गेल्या वर्षी ऑगस्टात रविवार चार आणि सुट्टी एकच, म्हणजे दिवस २६. १४ तारखेनंतर तुमच्या हातात १४ दिवस होते. यांच्या हातात १२ आहेत. जे ५६ टक्के तुम्ही १४ दिवसांत केलेत ते हे १२ दिवसांत करतील असं तुमचं गणित म्हणतंय.

तुमचा आकडा वाया घालवायचा नाही, फक्त नीट लावायचा. पहिल्या बारा दिवसांत तुम्ही रोज ३.६७ टक्के केलेत, नंतरच्या चौदा दिवसांत रोज ४ टक्के. म्हणजे दुसऱ्या भागात वेग ९ टक्क्यांनी वाढला. तोच वेग यांच्या १.८५ ला लावला तर रोजचे २.०२ लाख, बारा दिवसांचे २४.२०. एकूण ४६.४०. टार्गेटपेक्षा १.६० लाख खाली. घाबरण्यासारखं नाही, निवांत बसण्यासारखंही नाही.

टार्गेट_तात्या

बरं, ४६ तर ४६. पण गणपतीचं काय? गेल्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, दुकानदारांनी माल भरला तो अर्धा सप्टेंबरात. यंदा २७ ला गणपती, सगळी भरती २६ च्या आत. ती तुमच्या ९ टक्क्यांत कुठे आहे?

हिशेबनीस

नाही आहे, हे खरं. म्हणूनच ४६.४० ला मी तळ म्हणेन, कमाल नाही. पण किती वाढेल ते शीट सांगणार नाही. मोठ्या दहा दुकानदारांना फोन करून विचारावं लागेल.

मालवणी_ताट

आमचं कुणी ऐकेल का? माझी डोंबिवलीत मासळीची खानावळ आहे. रविवार काढून टाका म्हणता, माझा निम्मा आठवडा रविवारवर उभा असतो. दुकान ३१ दिवस चालू. मग मी कॅलेंडरच धरायचं ना? आणि अजून एक, २३ ऑगस्टपर्यंत श्रावण. १४ तारखेच्या रन रेटवर महिना काढला तर मी दुकान विकून गावाला जायला हवं.

शीटवाली_मावशी

@मालवणी_ताट दादा, तुम्ही कॅलेंडरही धरू नका. तुमच्यासाठी रविवार म्हणजे एक दिवस नाही, साध्या वाराच्या दीडपट-दुप्पट असेल तो. गेल्या दोन-तीन महिन्यांची विक्री वारानुसार मांडा, साध्या वाराला १ धरा आणि बाकीच्या वारांना त्या हिशेबाने वजन द्या. मग झालेले दिवस आणि उरलेले दिवस मोजताना वजनांची बेरीज करायची. तुमचे पाचपैकी तीन रविवार अजून यायचेत, ही तुमची जमेची बाजू.

श्रावणाचं मात्र वजनाने भागणार नाही. २३ पर्यंतची विक्री आणि २४ नंतरची विक्री या दोन वेगळ्या खानावळी समजा. पुढच्या आठ दिवसांचा अंदाज गेल्या वर्षी श्रावण सुटल्यावरच्या दिवसांवरून काढा. (त्यातही घरी गणपती बसला की किती गिऱ्हाईकं मासळीला येतात, ते तुम्हालाच ठाऊक.)

@घोडबंदरचा_गडी, तुमचे दिवस बरोबर आहेत, पण शीटमध्ये सूत्र कोणतं आहे ते एकदा बघा. आमच्या ऑफिसात वर्षभर साधं NETWORKDAYS चालू होतं. ते शनिवारही काढतं. तुमच्या केसमध्ये दिवस १२ चे १० आणि २४ चे १९ होतील, प्रोजेक्शन ४२ वर घसरेल आणि कारण कुणालाच सापडणार नाही. फक्त रविवार काढायचा तर हे:

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2025,8,1),DATE(2025,8,14),11,$H$2:$H$3)
```

११ म्हणजे फक्त रविवार सुट्टी. बाजार सोमवारी बंद असेल तर १२ टाकायचं. H मध्ये १५ आणि २७ ऑगस्ट. सुट्टी रविवारी आली तर हे सूत्र ती दोनदा वजा करत नाही, हाताने मोजणारे हमखास करतात. या वर्षीची २६ जानेवारी रविवारी होती, तेव्हा आमच्याकडे दोघांनी २७ च्या जागी २६ दिवस धरले होते.

आणि शेवटच्या तारखेला TODAY() नको, कालची तारीख हवी. सकाळी अकराला रिपोर्ट उघडला की आजचा दिवस मोजला जातो पण आजचं बिलिंग शून्य असतं. रोज सकाळी प्रोजेक्शन पडतं आणि संध्याकाळी आपोआप सुधारतं.

राजापूरची_हवा

तुमचे १२ दिवस ठाण्याचे. आमच्याकडे २७ नंतर २८, २९, ३० ला कोण बीटवर जातो? सेल्समन स्वतः घरी आरतीला. ३१ ला गौरी येतात, त्यांचं विसर्जन २ सप्टेंबरला. मला महिना २६ लाच संपतो. दिवस उरले ९, पण त्या नवात माल असा उचलला जातो की गाडी कमी पडते. आमचा एरिया मॅनेजर पुण्यात बसून सगळ्या महाराष्ट्राला २४ दिवस लावतो, त्यात दोन्हीकडून चूक होते.

हिशेबनीस

बरोबर. सुट्ट्यांची यादी एरियावार हवी. ठाण्यातसुद्धा १६ ला दहीहंडी आहे. दुपारनंतर नौपाड्यात टेम्पो घालून दाखवा. मी तो अर्धा दिवस धरतो.

टार्गेट_तात्या

उद्या पाव दिवसही काढाल.

घोडबंदरचा_गडी (२० ऑगस्ट)

साहेबांना २.१५ आणि १.८५ दाखवले, ते जरा गप्प झाले. पण त्यानंतर पावसाने घात केला. १६ ला हंडी, १.१० लाख. १८ ला दुपारीच गाड्या परत बोलावल्या, ९० हजार. १९ ला तर ठाणे-मुंबईत शाळा-कचेऱ्याच बंद, आमचं गोडाऊन उघडलं आणि मिटलं, १० हजार. एकूण २४.३० लाख. आता १८ आणि १९ सुट्टी म्हणून काढू का? न काढता १५ दिवस धरले तर प्रोजेक्शन ३८.९०, काढले तर ४१.१०.

टार्गेट_तात्या

काढ की. देवाने दिलेली सुट्टी आहे. हे मी सांगतोय म्हणजे बघ.

हिशेबनीस

मी काढणार नाही. सुट्टी म्हणजे जी महिना सुरू होताना माहीत असते ती. नंतर गेलेला दिवस वगळायला लागलो तर दर वाईट दिवसाला कारण सापडेल. आज पाऊस, उद्या सेल्समन आजारी, परवा टेम्पोचा क्लच. १५ दिवसच धरा आणि शेजारी शेरा लिहा, दोन दिवस पावसाचे.

शीटवाली_मावशी

मला हे पटत नाही. वेग कशासाठी काढतो आपण? पुढचे नऊ दिवस कसे जातील हे कळायला. पुढेही १९ तारखेसारखा पाऊस पडेल असं धरायचं नसेल तर तो दिवस सरासरीत ठेवून अंदाज मुद्दाम बिघडवतोय आपण. शिवाय ते बिलिंग मेलेलं नाही. दुकानातला माल संपलाय, ऑर्डर २०-२१ ला येईल, सगळी नाही तरी बरीचशी. हंडीचा अर्धा दिवस चालतो आणि पुराचा चालत नाही, हा कुठला न्याय?

हिशेबनीस

हंडी पंचांगात असते मावशी. पण ऑर्डर पुढे सरकते हा मुद्दा मान्य, आणि त्याचं माझ्याकडे उत्तर नाही. किती परत येते हे मालावर अवलंबून. बिस्किटं घरात संपली की लोक घेतातच, पण प्रवासात खाल्लेला वेफर्सचा पुडा परवा दोनदा खात नाहीत.

तरी एक बघा. मागचे दिवस १५ धरा की १३, बाकी २३.७० लाखच आहे आणि दिवस नऊच. रोजचे २.६३ लाख. तुमच्या-माझ्या वादाने यात एक रुपया हलत नाही.

घोडबंदरचा_गडी

२.६३ या महिन्यात एकदाही झालेले नाहीत. ८ तारखेला राखीच्या आदल्या दिवशी २.४० झाले होते, तेच सगळ्यात जास्त.

राजापूरची_हवा

मग २५-२६ ला गणपतीची भरती धरून दोन मोठे दिवस पकड, बाकी सात दिवसांना काय उरतं ते बघ. आणि २८ चं तू काय धरलंयस? पूर्ण दिवस?

घोडबंदरचा_गडी

पूर्ण धरलाय. घरी दीड दिवसाचा गणपती आहे, विसर्जन त्याच दिवशी.

टार्गेट_तात्या

झालं. आठच दिवस उरले बघ तुझे.