उत्तर: दोन्ही रेषा सरळ दिसतात तेव्हा

> 'ln c आणि 1/c दोन्ही आलेख सरळच येतात, अभिक्रियेची कोटी कोणती मानू?'

तुम्ही फार लवकर थांबलात. समजा, अभिकारकाची संहती c सुरुवातीला 0.10 होती आणि 10 मिनिटांनी 0.08 झाली. इथवर वेळेसमोर काढलेले c, ln c आणि 1/c हे तिन्ही आलेख जवळपास सरळच दिसतात. 40 मिनिटांपर्यंत थांबा. शून्य कोटी असेल तर 0.02 उरेल, पहिली असेल तर 0.041, दुसरी असेल तर 0.05. निदान तीन-चतुर्थांश अभिकारक संपेपर्यंत वाचनं घ्याच.

मात्र शेवटच्या वाचनांत 1/c जपून पाहा. 0.02 मोजताना 0.002 ची चूक झाली, तर 1/c 50 वरून थेट 55.6 वर जातो. मुंबईत दुपारी प्रयोगशाळा तापते, वेग वाढतो आणि खरी सरळ रेषाही वाकते. फ्लास्क पाण्याच्या स्थिर-तापमान टाकीतच ठेवा.